मंडळाचा वार्षिक हिशेब सभासदांपुढे कसा मांडावा : एका खजिनदाराचे भाषण

गावातील शेतकरी मंडळाची वार्षिक सभा भरते, चिटणीस अहवाल वाचतात आणि त्यानंतर खजिनदार उठून जमाखर्चाचे आकडे एका दमात वाचून दाखवितात. सभासद ते ऐकतात, परंतु त्यांच्या ध्यानात बहुधा एकच आकडा राहतो व तो म्हणजे बँकेतील शिल्लक. मग पुढील सर्व चर्चा त्या एका आकड्याभोवती फिरते. शिल्लक वाढली असेल तर यंत्राचे भाडे उतरवा, सभागृहावर पत्रे घाला, अशा सूचना येतात. घटली असेल तर खजिनदाराकडे संशयाने पाहिले जाते. दोन्ही गोष्टी बहुधा चुकीच्या असतात, कारण बँकेतील शिल्लक वाढली म्हणजे वर्ष फायद्याचे गेले असे मुळीच ठरत नाही.

मंडळाजवळ एखादे मोठे अवजार असले म्हणजे तर ही चूक हमखास घडते. अवजार झिजत असते, पण झिजेचे पैसे कोणी मागावयास येत नाही. आठ-दहा वर्षांनी ते मोडीत निघते, त्या दिवशी नवे घेण्यास पैसा नसतो, आणि मग मंडळच बंद पडते. सभासदांना ही गोष्ट वेळीच समजावी याकरिता खजिनदाराने सभेत काय बोलावे व कोणत्या क्रमाने बोलावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे एक भाषण नमुन्यादाखल दिले आहे. मंडळ व त्याचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. कोणत्याही विशिष्ट गावाचे ते नाहीत.

मंडळाची स्थिती अशी. सभासद २४. प्रत्येकाने सुरुवातीस १०,००० रुपये भाग-वर्गणी दिली व त्या २,४०,००० रुपयांतून ट्रॅक्टरवर चालणारे एक बहुपीक मळणी यंत्र घेतले. यंत्रास तीन वर्षे पुरी झाली आहेत. ट्रॅक्टर व डिझेल ज्याचे त्याने आणावयाचे. मंडळ यंत्र व चालक देते आणि तासाला १५० रुपये भाडे घेते. चालकाला तासामागे ५० रुपये मिळतात. याशिवाय प्रत्येक सभासदाची वार्षिक वर्गणी ५०० रुपये आहे. हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

भाषणापूर्वी एक तयारी अवश्य करावी. पुढील तक्ता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि त्याच्या प्रती सभेच्या आठ दिवस आधी घरोघर पोचवाव्यात. फळ्यावर तक्ता नसेल तर भाषण कितीही चांगले असले तरी वाया जाते, असा अनुभव आहे.

तक्ता (रुपये)

| बाब | वर्षात रोख आले-गेले | या वर्षाचे खरे |
|---|---|---|
| उत्पन्न | | |
| वार्षिक वर्गणी | १२,००० | १२,००० |
| यंत्राचे भाडे | ५७,००० | ६०,००० |
| बँकेचे व्याज | ६०० | ६०० |
| एकूण उत्पन्न | ६९,६०० | ७२,६०० |
| खर्च | | |
| दुरुस्ती व सुटे भाग | ११,४०० | १६,००० |
| चालकाची मजुरी | २०,००० | २०,००० |
| शेडचे भाडे | ६,००० | ६,००० |
| कागद, सभा, किरकोळ | २,२०० | २,२०० |
| ओलावा-मापक खरेदी | ९,००० | – |
| घसारा | – | २७,९०० |
| एकूण खर्च | ४८,६०० | ७२,१०० |
| वाढावा | २१,००० | ५०० |

खजिनदाराचे भाषण

अध्यक्ष महाराज आणि सभासद बंधुभगिनींनो,

हिशेब वाचण्यापूर्वी जी गोष्ट आपणांस आधीच ठाऊक आहे तिच्यापासूनच मी आरंभ करतो. बँकेचे पासबुक पुष्कळांनी पाहिले आहे. गेल्या १ एप्रिलला हाती व बँकेत मिळून २०,००० रुपये होते. वर्षात ६९,६०० आले, ४८,६०० गेले, आणि ३१ मार्चला ४१,००० राहिले. म्हणजे शिल्लक २१,००० रुपयांनी वाढली. हे आकडे अगदी खरे आहेत. फळ्यावरच्या तक्त्यातील मधल्या रकान्यात तेच लिहिलेले आहेत.

परंतु उजवीकडच्या रकान्याच्या तळाशी पाहा. तेथे वाढावा ५०० रुपये आहे. एकाच मंडळाचा, एकाच वर्षाचा हिशेब; एका रकान्यात एकवीस हजार आणि दुसऱ्यात पाचशे. आज आपल्यापुढे भाडे तासाला १५० वरून १२० रुपयांवर आणण्याचा ठराव आहे. त्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी या दोन आकड्यांतील अंतर कोठून आले, ते प्रत्येकाने समजून घ्यावे एवढीच माझी विनंती आहे.

दोन रकान्यांतील भेद सोपा आहे. मधला रकाना विचारतो, पैसा हातात केव्हा आला आणि हातातून केव्हा गेला. उजवा रकाना विचारतो, काम कोणत्या वर्षाचे. आपण दिवाळीच्या आधी उधारीवर खत आणले आणि पैसे होळीला दिले, तरी ते खत रब्बीच्याच पिकाचे असते. पैसे केव्हा दिले यावरून पीक बदलत नाही. तसेच हे आहे.

आता एकेक ओळ घेऊ.

पहिली ओळ वर्गणीची. दोन्ही रकान्यांत १२,००० आहेत. चोवीस सभासद, प्रत्येकी ५००, म्हणजे १२,०००. हिशेब जुळला असे वाटते. पण तो जुळलेला नाही. या वर्षाची वर्गणी बावीस जणांनीच दिली, म्हणजे ११,००० रुपये. राहिलेले १,००० कोठून आले? दोघा सभासदांनी पुढच्या वर्षाची वर्गणी आताच भरून टाकली. तेव्हा दोघांकडे या वर्षाचे १,००० येणे आहे, आणि दोघांचे पुढच्या वर्षाचे १,००० आपल्याजवळ आगाऊ पडून आहेत. एकूण तेवढीच दिसल्यामुळे ही चूक झाकली गेली असती. पावतीपुस्तकातील स्थळप्रती नावांशी ताडून पाहिल्या तेव्हा ती सापडली. म्हणून माझे सांगणे असे की, बेरीज बरोबर आली म्हणून कोणी खजिनदारावर विसंबू नये. नावे मोजावीत.

दुसरी ओळ भाड्याची. ही सर्वांत महत्त्वाची आहे. रोख ५७,००० रुपये जमा झाले. परंतु त्यांतील ९,००० मागील वर्षाच्या मळणीचे आहेत. ते आमच्या मागे लागण्याने या वर्षी वसूल झाले, पण ते काम मागील वर्षीच झाले होते. तेव्हा या वर्षीच्या कामाचे फक्त ४८,००० हाती आले. आता काम किती झाले ते नोंदवहीत पाहा. सोयाबीनच्या सुगीत, मग तुरीला, मग हरभरा व गहू यांना मिळून यंत्र ४०० तास चालले. तासाला १५० प्रमाणे ६०,००० होतात. म्हणजे १२,००० रुपये, ऐंशी तासांचे भाडे, अद्याप सभासदांकडेच आहे.

येथे तात्यांनी मला मघाशी खाली बसल्या बसल्या विचारले, की यंत्र चारशे तास चालले हे आम्ही कशावरून मानावे? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर माझ्या शब्दात नसून तक्त्यातच आहे. चालकाच्या मजुरीची ओळ पाहा. त्याला २०,००० रुपये दिले. तासाला ५० या दराने वीस हजार म्हणजे बरोबर चारशे तास. तो स्वतःच्या मजुरीचा एक तासही सोडणार नाही, आणि न झालेल्या तासाची मजुरी मी देणार नाही. तेव्हा मजुरीच्या आकड्याची तिप्पट म्हणजे भाडे, ही ताडून पाहण्याची खूण लक्षात ठेवा. उद्या एखाद्या वर्षी मजुरी २०,००० आणि भाडे मात्र ५१,००० लिहिलेले दिसले, तर उठून विचारा की साठ तास कोठे गेले. ते फुकट गेले असतील, कोणाच्या नावावर मांडावयाचे राहिले असतील, अथवा पावतीच फाडली नसेल. तीनही शक्यता तपासाव्या लागतील.

बँकेच्या व्याजाविषयी सांगण्यासारखे काही नाही. सहाशे रुपये आले.

आता खर्चाकडे वळू. दुरुस्तीसाठी वर्षात ११,४०० रुपये रोख दिले. त्यात पट्टे, बेअरिंगे, एक चाळणी व ग्रीस आले. पण उजव्या रकान्यात १६,००० आहेत. मार्चमध्ये गव्हाची मळणी चालू असता ड्रमचे दाते बदलावे लागले, त्याचे ४,६०० रुपयांचे बिल कारखानदाराने दिले आहे. आपण ते अद्याप फेडलेले नाही. बिल फेडले नाही म्हणून दाते फुकट आले असे होत नाही. हे ४,६०० आज बँकेत आहेत खरे, पण ते आपले नाहीत. आणखी एक गोष्ट मनमोकळेपणाने सांगतो. ज्या खजिनदाराला वर्ष चांगले दाखवावयाचे असेल, त्याला मार्च महिन्यातली बिले एप्रिलमध्ये फेडणे पुरेसे असते. शिल्लक आपोआप फुगते. म्हणून न फेडलेल्या बिलांची यादी सभेत मागत जा.

शेडचे भाडे महिना ५०० प्रमाणे ६,०००, ते पूर्ण दिले. कागद, पावतीपुस्तके, सभेचा चहा यांस २,२०० लागले. चहाच्या खर्चावर गेल्या वर्षी अर्धा तास वाद झाला होता आणि भाड्याच्या थकबाकीवर एकही प्रश्न आला नव्हता, याची आठवण करून देतो.

यापुढील दोन ओळी नीट ऐका. कारण एकवीस हजारांचे पाचशे मुख्यतः येथेच होतात.

आपण ऑक्टोबरमध्ये धान्यातील ओलावा मोजण्याचे यंत्र ९,००० रुपयांना घेतले. सोयाबीनच्या ओलाव्याची हमीभाव खरेदीतील नेहमीची मर्यादा १२ टक्के. माल ओला म्हणून केंद्रावरून परत आणावा लागू नये म्हणून आपण ते घेतले. मधल्या रकान्यात हे नऊ हजार खर्च दिसतात, कारण ते हातातून गेले. उजव्या रकान्यात मात्र ती जागा कोरी आहे. का? कारण ते पैसे संपलेले नाहीत. ते आता यंत्राच्या रूपाने कपाटात आहेत. पाच वर्षे ते काम देईल असा अंदाज आहे. तेव्हा त्याचा खर्च पाच वर्षांत वाटला पाहिजे. वर्षाला १,८०० झाले. पण या वर्षी ते सहाच महिने वापरले, म्हणून ९०० धरले.

या वाटून घेतलेल्या खर्चाला घसारा म्हणतात. आता तोच हिशेब मळणी यंत्राला लावू. किंमत २,४०,०००. ते आठ वर्षे चालेल असे कार्यकारिणीने धरले आहे. आठ वर्षांनी मोडीत काढताना किमतीच्या दहावा भाग, म्हणजे २४,००० येतील असे धरले. कृषी अवजारांच्या हिशेबात सामान्यतः इतकाच भाग धरण्याची पद्धत आहे. राहिले २,१६,०००. आठांनी भागता वर्षाला २७,०००. दोन्ही मिळून घसारा २७,९००.

ताईंनी या ठिकाणी हात वर केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, हे सत्तावीस हजार आपण कोणाला दिले? पासबुकात तर असा चेक दिसत नाही. ताई, कोणालाच दिले नाहीत. म्हणूनच ते दिसत नाहीत आणि म्हणूनच ते विसरले जातात. पण बैलजोडीचा विचार करा. बैल घेतला त्या दिवशी आपण पैसे मोजतो. पुढे दर वर्षी त्याचे एक वर्ष कमी होते, त्याचे पैसे कोणी मागत नाही. तरी आठव्या वर्षी दुसरा बैल घ्यावाच लागतो. त्या प्रत्येक वर्षाची किंमत त्या त्या वर्षाच्या पिकाने दिली पाहिजे. यंत्राने या वर्षी चारशे तास काम करून आपल्या आयुष्याचे एक वर्ष खर्च केले. त्याची किंमत २७,०००.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. आठ वर्षे हा अंदाज आहे. यंत्र शेडमध्ये ठेवले, सुगी संपल्यावर पट्टे सैल केले, बेअरिंगांना वेळेवर ग्रीस दिले, तर ते दहा वर्षेही चालेल आणि मग घसारा वर्षाला २१,६०० येईल. पावसात उभे राहिले तर सहाव्या वर्षीच पत्रा खाल्ला जाईल आणि घसारा ३६,००० धरावा लागेल. तेव्हा दर वर्षी सभेपूर्वी यंत्र उघडून पाहावे व अंदाज बदलावयाचा असल्यास तसे लिहून बदलावा. मात्र वर्ष चांगले दिसावे म्हणून आयुष्य वाढवू नये.

कोणी म्हणेल, शेजारच्या गावात यंत्राला शासनाचे अनुदान मिळाले, त्यांनीही पूर्ण किमतीवर घसारा धरावा काय? माझे उत्तर असे की, भाडे ठरविताना तरी पूर्ण किमतीवरच धरावा. ताळेबंदात अनुदान कसे दाखवावयाचे ते लेखापरीक्षक सांगतील. परंतु दुसरे यंत्र घेताना पुन्हा अनुदान मिळेलच असे धरून भाडे ठरविणे, हे मृगाआधीच पाऊस पडेल असे धरून पेरणी करण्यासारखे आहे.

आता दोन्ही रकाने जोडून दाखवितो. रोख वाढली २१,०००. त्यांतून मागील वर्षाच्या कामाचे ९,००० वजा करा, आगाऊ वर्गणीचे १,००० वजा करा, राहिले ११,०००. न फेडलेल्या बिलाचे ४,६०० वजा करा, राहिले ६,४००. त्यात ओलावा-मापकाचे ९,००० परत मिळवा, कारण ती वस्तू आपल्याजवळ आहे, झाले १५,४००. या वर्षाचे येणे भाडे १२,००० आणि येणे वर्गणी १,००० मिळवा, झाले २८,४००. त्यातून घसारा २७,९०० काढला की राहिले ५००. एक रुपयाही इकडे-तिकडे नाही.

हे पाचशेदेखील एका अटीवर आहेत. ते बारा हजार भाडे खरोखर वसूल झाले पाहिजे. त्यातील ऐंशी तासांपैकी पन्नास तास तिघा सभासदांचे आहेत. त्यांची नावे मी येथे वाचीत नाही. यादी कार्यकारिणीजवळ आहे आणि कोणाही सभासदाला पाहता येईल. परंतु या बाराशे नव्हे, बारा हजारांतून फक्त सहाशे रुपये बुडाले, म्हणजे चार तासांचे भाडे, तरी वर्ष तुटीत जाते. येणे रक्कम कागदावर उत्पन्न म्हणून लिहिली जाते, पण कागदावरून यंत्राला ग्रीस मिळत नाही.

आता ठरावाकडे येतो. तासाला ३० रुपये भाडे कमी करावे. चारशे तासांवर ते १२,००० होतात. पाचशेचा वाढावा जाऊन साडेअकरा हजारांची तूट येईल. यावर अण्णांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, भाडे कमी केले तर बाहेरची यंत्रे बोलावणारे आपलेच सभासद आपल्याकडे येतील, तास वाढतील आणि तूट भरून निघेल. तेव्हा किती तास वाढले पाहिजेत ते मोजू.

यंत्र एक तास चालले की १५० रुपये येतात. त्यांतून चालकाला ५० जातात. दुरुस्तीचे १६,००० चारशे तासांवर वाटले तर तासाला ४० जातात. म्हणजे तासामागे हाती राहतात ६० रुपये. दुसरीकडे काही खर्च यंत्र चालो वा न चालो, होतातच : शेड ६,०००, किरकोळ २,२००, घसारा २७,९००, एकूण ३६,१००. यांपैकी १२,६०० वर्गणी व व्याजातून भागतात. राहिलेले २३,५०० तासांतून आले पाहिजेत. साठ रुपयांनी भागा. ३९२ तास लागतात. आपण चारशे केले, म्हणून आठ तासांनी वाचलो आणि ते आठ तास म्हणजेच आपले पाचशे रुपये, सुमारे.

आता भाडे १२० करा. चालकाचे ५० आणि दुरुस्तीचे ४० तसेच राहतील. तासामागे हाती ३० उरतील. तेच २३,५०० तीस रुपयांनी भागा. ७८४ तास लागतात. भाडे पाचव्या हिश्शाने उतरविले, पण तास जवळजवळ दुप्पट करावे लागतील. सोयाबीनची सुगी म्हणजे पंचवीस-तीस दिवस. एकच यंत्र, दिवसाला आठ तास, त्यात एखादा पाऊस. तुरीला व हरभऱ्याला मिळून तितकेच दिवस. ७८४ तास कसे बसवावयाचे ते मला तरी दिसत नाही. शिवाय इतके तास चालले तर यंत्र आठ वर्षे टिकणार नाही, आणि घसाऱ्याचा आकडा पुन्हा वाढेल.

आपणापैकी काहींचे म्हणणे आहे की, शिलकेतील वीस हजार काढून सभेच्या ओट्यावर पत्रे घालावेत. त्याविषयी एकच हिशेब सांगतो. तीन वर्षांत मळणी यंत्र ८१,००० रुपयांनी झिजले. तेवढे पैसे आज जवळ असावयास हवे होते. बँकेत ४१,०००, येणे १३,००० मिळवा, बिल ४,६०० व आगाऊ १,००० वजा करा, तर ४८,४०० होतात. ओलावा-मापकाची आजची किंमत ८,१०० मिळविली तरी ५६,५००. ८१,००० ला २४,५०० कमी आहेत. पहिल्या दोन वर्षांत तास कमी झाले, त्याची ही तूट आहे. आपण दिलेले २,४०,००० आज २,१५,५०० झालेले आहेत, हे कोणी बोलून दाखवीत नव्हते म्हणून मी दाखवितो. त्यातच वीस हजार पत्र्यांवर घातले तर पाच वर्षांनी नवे यंत्र कशाच्या बळावर घ्यावयाचे?

म्हणून माझी सूचना अशी आहे. भाडे आहे तेच १५० ठेवावे. शिलकेतील २५,००० रुपये मुदत ठेवीत घालावेत आणि ती ठेव यंत्र-बदली निधी या नावाने वेगळी दाखवावी, म्हणजे ती रक्कम पासबुकाच्या चालू शिलकेत मिसळून कोणाचे मन चळणार नाही. राहिलेल्या १६,००० मधून कारखानदाराचे ४,६०० याच आठवड्यात द्यावेत. बाकीचे खरिपाची सुगी येईपर्यंत शेडच्या भाड्याला व दुरुस्तीला पुरतील. भाड्याची रक्कम मळणी झाल्यापासून तीस दिवसांत न देणाऱ्यास पुढील पाळी मिळू नये, असाही ठराव मी मांडतो. हा नियम मला स्वतःलाही लागू असावा. माझ्याकडे या वर्षीचे सहा तासांचे ९०० रुपये येणे आहे. ते मी आज सभेआधी भरले असून त्यांची पावती फाडलेली आहे. ही रक्कम पुढील वर्षाच्या रोकडीत येईल. आजच्या तक्त्यात ती येणे रकमेतच आहे.

तासांची नोंदवही, पावतीपुस्तके, पासबुक आणि न फेडलेले बिल येथे टेबलावर ठेवले आहे. ठरावावर मत घेण्यापूर्वी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहावे. तात्या, आपण चालकाच्या मजुरीच्या पावत्यांपासून आरंभ करा. त्या तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत.